एकाच पट्ट्यात झिगबी आणि वायफाय

घरातले स्मार्ट दिवे, दाराचे आणि हालचालीचे सेन्सर, पाणी गळले की सूचना देणारी छोटी उपकरणे, भिंतीतले स्मार्ट स्विच, या सगळ्यांना हबशी जोडणाऱ्या बिनतारी पद्धतींपैकी झिगबी ही बरीच जुनी आणि रुळलेली पद्धत आहे. तिचा पाया म्हणजे २००३ साली प्रसिद्ध झालेले आयईईई ८०२.१५.४ हे मानक. या पद्धतीत माहिती थोडी आणि सावकाश जाते. सेकंदाला जास्तीत जास्त २५० किलोबिट. व्हिडिओसाठी हा वेग कुचकामी आहे, पण ‘दार उघडले’ किंवा ‘दिवा लाव’ एवढाच निरोप पोचवायला तो पुरून उरतो. वेग कमी असल्याने वीजही कमी लागते, म्हणून बटणाएवढ्या सेलवर दाराचा सेन्सर वर्षभर किंवा त्याहून जास्त चालतो. विजेवर चालणारे दिवे, प्लग आणि स्विच स्वतःच्या निरोपांबरोबर शेजारच्या उपकरणांचे निरोपही पुढे सरकवतात. त्यामुळे हबपासून दूर असलेल्या बाल्कनीतल्या सेन्सरचा निरोप मधल्या खोलीतल्या प्लगमार्फत हबपर्यंत येतो.

हे सगळे बोलणे चालते ते २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात. वायफाय राउटरच्या पडद्यावर तो `2.4 GHz` या नावाने दिसतो आणि त्याच्या वर `5 GHz` चा पट्टा असतो. खालचा पट्टा जगभर जवळजवळ सगळीकडे विनापरवाना खुला आहे. भारतात कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्याची अट २००५ साली काढली गेली. अमेरिकेतल्या नातलगाने आणलेला झिगबीचा सेलवरचा सेन्सर नाशिकच्या घरात विनातक्रार चालतो तो यामुळेच. परंतु जे झिगबीला खुले आहे ते इतरांनाही खुले आहे. वायफाय, ब्लूटूथ, बिनतारी माउस, थ्रेड नावाची झिगबीची नवी भावंड पद्धत, आणि बोलण्याशी काही संबंध नसलेला मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा, हे सगळे याच साडेत्र्याऐंशी मेगाहर्ट्झमध्ये आहेत. यांपैकी झिगबीला खरा त्रास देतो तो वायफाय.

कोण कुठे बसतो हे समजायला थोडा हिशेब लागतो. वायफायच्या १ ते १३ चॅनलांचे मध्यबिंदू पाच-पाच मेगाहर्ट्झच्या अंतराने आहेत. चॅनल १ चा मध्य २४१२ वर, ६ चा २४३७ वर, ११ चा २४६२ वर आणि १३ चा २४७२ वर. चॅनलांमधले अंतर पाच मेगाहर्ट्झ असले तरी वायफायची रुंदी किमान वीस मेगाहर्ट्झ असते, म्हणजे चॅनल १ वरचा राउटर साधारण २४०२ ते २४२२ एवढी जागा व्यापतो. झिगबीचे चॅनल ११ ते २६ असे सोळा आहेत. त्यांतले अंतरही पाच मेगाहर्ट्झच, पण प्रत्येकाची रुंदी जेमतेम दोन मेगाहर्ट्झ. झिगबी ११ चा मध्य २४०५ वर, १५ चा २४२५ वर, २० चा २४५० वर, २५ चा २४७५ वर आणि २६ चा २४८० वर येतो. कोणताही झिगबी चॅनल काढायचा असेल तर आकड्यातून ११ वजा करावेत, उरलेल्याला ५ ने गुणावे आणि त्यात २४०५ मिळवावेत.

येथे एक घोटाळा हमखास होतो. झिगबीचा ११ आणि वायफायचा ११ यांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही. झिगबी ११ हा पट्ट्याच्या अगदी तळाशी, वायफाय १ च्या पोटात असतो. वायफाय ११ वरच्या बाजूला असून त्याखाली झिगबीचे २१ ते २४ झाकले जातात. राउटर आणि हब दोघांच्याही पडद्यावर ११ दिसले म्हणून ते एकमेकांच्या आड येत आहेत असे समजून पुष्कळ लोक नको तो चॅनल बदलतात. प्रत्यक्षात ही जोडी एकमेकांपासून सर्वांत लांब असलेल्या जोड्यांपैकी आहे.

वायफायचे १, ६ आणि ११ हे तीन चॅनल एकमेकांवर चढत नाहीत, म्हणून बहुतेक राउटर त्यांच्यावरच सापडतात. हे तिघे झिगबीचे ११ ते १४, १६ ते १९ आणि २१ ते २४ असे तीन गट झाकतात. मधल्या फटींत १५ आणि २० उरतात, आणि वरच्या टोकाला २५ आणि २६. यावरूनच ‘झिगबी २५ वर ठेवा, तिथे वायफाय नसतो’ हा सल्ला सगळीकडे पसरला. अमेरिकेत तो बऱ्याच अंशी खरा आहे, कारण तिथले राउटर सहसा ११ च्या वर जात नाहीत. भारतात वायफायचे १२ आणि १३ हे चॅनलही वापरता येतात. `Auto` वर ठेवलेला शेजारचा राउटर १३ वर गेला तर तो २४६२ ते २४८२ एवढी जागा घेतो आणि झिगबीचे २३ पासून २६ पर्यंतचे सगळे चॅनल त्याखाली येतात. त्यामुळे हा सल्ला इथे डोळे झाकून पाळण्यासारखा नाही. चॅनल २६ ची आणखी एक अडचण आहे. तो पट्ट्याच्या कडेला असल्याने अनेक उपकरणे त्यावर मुद्दाम कमी शक्तीने बोलतात आणि काही उपकरणांना तो चालतच नाही.

राउटरच्या सेटिंगमध्ये रुंदी `20/40 MHz` अशी असेल तर हिशेब आणखी बिघडतो. चॅनल १ वर ४० मेगाहर्ट्झ रुंदीने चालणारा राउटर २४०२ पासून २४४२ पर्यंत जागा अडवतो, म्हणजे झिगबीचे ११ ते १८ हे आठ चॅनल एकाच घरच्या वायफायखाली जातात. मग १५ ची फटही उरत नाही.

एकाच जागेवर दोघे आले की लगेच बोलणे बंद पडते असे मात्र नाही. झिगबीचे उपकरण बोलण्याआधी कानोसा घेते. हवेत कोणी असेल तर थोडे थांबते आणि पुन्हा कानोसा घेते. साधारणतः पाच प्रयत्नांत जागा मिळाली नाही तर ते निरोप सोडून देते. वायफायही बोलण्याआधी ऐकतोच, पण दोघांच्या चपळाईत फार फरक आहे. झिगबी १२८ मायक्रोसेकंद ऐकते आणि मग ऐकण्याच्या स्थितीतून बोलण्याच्या स्थितीत यायला तिला आणखी १९२ मायक्रोसेकंद लागतात. वायफायला तीसएक मायक्रोसेकंदांची शांतताही पुरते. सिग्नल नसलेल्या चौकात जड बस पुढे काढावी की नाही हे चालक ठरवतो तेवढ्यात रिक्षा निघून गेलेली असते, तसे हे घडते. त्यात झिगबीचा मोठ्यातला मोठा निरोप हवेत सुमारे चार मिलिसेकंद राहतो. तेवढ्या वेळात वायफायचे अनेक निरोप जाऊन येतात आणि त्यांतला एक जरी झिगबीच्या निरोपावर आदळला तरी तो पुन्हा पाठवावा लागतो.

दुसरा फरक आवाजाच्या जोराचा. घरचा राउटर साधारण १०० मिलिवॅट शक्तीने बोलतो, तर सेलवर चालणारा सेन्सर बहुधा काहीच मिलिवॅटने. शिवाय वायफायखेरीज दुसरा कोणी बोलत असेल तर तो बऱ्यापैकी मोठ्याने बोलत असल्याशिवाय राउटर त्याची दखल घेत नाही. वायफाय झिगबीला ऐकू येतो, पण झिगबी वायफायला बहुतेक वेळा ऐकूच येत नाही. म्हणून या भांडणात थांबावे लागते ते जवळजवळ नेहमी झिगबीला. वायफायच्या वेगावर झिगबीचा परिणाम घरात जाणवतही नाही.

यावरून एक गोष्ट लक्षात येते, जी चॅनलच्या तक्त्यात दिसत नाही. ऐकणाऱ्याच्या जागी कोणाचा आवाज किती मोठा आहे, यावर सगळे अवलंबून असते. मोकळ्या जागेत अंतर दहापट केले की पोचणारी शक्ती शंभराव्या हिश्शावर येते. हब राउटरला चिकटून, एका फुटावर ठेवला असेल तर राउटरचा आवाज त्याच्या कानाशी होतो, आणि दोन भिंतींपलीकडच्या सेन्सरचा क्षीण आवाज त्याला त्याच वेळी ओळखायचा असतो. वायफायची कड सुरीने कापल्यासारखी सरळ नसते. ठरलेल्या वीस मेगाहर्ट्झच्या बाहेरही तो थोडा सांडतो, आणि एका फुटावरून ते सांडणेही सेन्सरच्या आवाजापेक्षा कितीतरी मोठे असते. अशा हबसाठी तक्त्यातला ‘मोकळा’ चॅनल मोकळा राहत नाही. हबला इंटरनेटची केबल राउटरमधूनच घ्यायची असते, म्हणून दोन्ही टीव्हीखालच्या कपाटात शेजारी ठेवले जातात. लांब केबल घेऊन हब दहा फूट दूर ठेवला, तर चॅनल न बदलताही पुष्कळ तक्रारी मिटतात.

या आदळआपटीची लक्षणे ओळखू येतात, पण ती दुसऱ्या दोन कारणांपासून वेगळी काढावी लागतात. सेल संपत आला असेल तर एकच उपकरण बिघडते, आणि ते दिवसेंदिवस बिघडतच जाते. दुसरे कारण भिंतीवरचे साधे बटण. स्मार्ट दिवा सवयीने भिंतीवरून बंद केला की त्याची वीज जाते, आणि त्याच्यामार्फत बोलणारे पलीकडचे सेन्सर हबपासून तुटतात. आपल्याकडे प्रत्येक दिव्याला भिंतीवर बटण असते, त्यामुळे हे कारण सर्वांत आधी तपासावे. वायफायची टक्कर याहून निराळी दिसते. वेगवेगळ्या खोल्यांतली अनेक उपकरणे अधूनमधून चुकतात आणि थोड्या वेळाने आपोआप ठीक होतात. पाच दिव्यांना एकदम हुकूम दिला तर चार लागतात. हे रात्री आठ ते अकराच्या दरम्यान, घराघरांत व्हिडिओ चालू असताना वाढते आणि पहाटे जवळजवळ नाहीसे होते. सेलही लवकर संपतात, कारण तोच निरोप सेन्सरला पुन्हा पुन्हा पाठवावा लागतो.

आता वायफाय कुठे कुठे आहे ते पाहायचे. अँड्रॉइड फोनवर वायफाय अ‍ॅनलायझर प्रकारची अ‍ॅप्स हे काम करतात. आयफोनवर अशा अ‍ॅप्सना ती माहिती मिळत नाही. तिथे अ‍ॅपलच्याच एअरपोर्ट युटिलिटी या अ‍ॅपमधला वायफाय स्कॅनर सेटिंगमधून चालू करावा लागतो. विंडोज संगणकावर पुढची आज्ञा पुरते:

```
netsh wlan show networks mode=bssid
```

लिनक्सवर, म्हणजे रास्पबेरी पायवरही, बहुधा हे चालते:

```
nmcli dev wifi list
```

आलेल्या यादीत ३६ किंवा त्याहून मोठे चॅनल वरच्या पट्ट्यातले असतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करावे. उरलेल्यांचा चॅनल आणि जोर नोंदवावा. अ‍ॅपमध्ये जोर डीबीएममध्ये, ऋण आकड्यांत दिसतो. शून्याच्या जितका जवळ तितका आवाज मोठा. उणे ४० म्हणजे अगदी शेजारी, उणे ८५ म्हणजे जेमतेम ऐकू येणारा. वरच्या दोन आज्ञा हाच जोर टक्क्यांच्या धर्तीवर शंभरपैकी दाखवतात. फोन हातात घेऊन सोफ्यावर बसून केलेली नोंद फारशी उपयोगाची नाही, कारण ऐकायचे आहे ते हबला. नोंद हबच्या जागेवरूनच घ्यावी.

या यादीची एक मोठी मर्यादा आहे. तिच्यात राउटर दिसतात, त्यांची वर्दळ दिसत नाही. नुसता चालू असलेला राउटर सेकंदाला सुमारे दहा वेळा आपले नाव पुकारतो आणि बाकी वेळ गप्प असतो. झिगबीला त्यातून भरपूर मोकळीक मिळते. त्याच राउटरवरून कोणी तासभर चित्रपट पाहू लागला की हवा भरून जाते. म्हणून यादीतले वीस क्षीण राउटर एका शेजाऱ्याच्या गजबजलेल्या राउटरपेक्षा कमी त्रासाचे ठरू शकतात. यादीत झिगबी, ब्लूटूथ किंवा ओव्हनही दिसत नाहीत.

ती उणीव झिगबीचा स्वतःचा कान काही प्रमाणात भरून काढतो. होम असिस्टंट या खुल्या प्रणालीत झेडएचए वापरणाऱ्यांना झिगबीच्या पानावरून `Download diagnostics` केले की मिळणाऱ्या फाइलमध्ये `energy_scan` या नावाखाली ११ ते २६ या प्रत्येक चॅनलवर किती ऊर्जा ऐकू आली त्याची टक्केवारी असते. ऊर्जा कोणाची आहे हे त्यात कळत नाही, पण ती आहे हे कळते. हे मोजमाप त्या क्षणापुरते आणि हबच्या जागेपुरतेच असते, म्हणून ते संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी तीन-चारदा घ्यावे आणि दरवेळी वर राहणारे चॅनल वगळावेत. उपकरणांच्या यादीत दिसणाऱ्या `LQI` या आकड्यावर मात्र फार विसंबू नये. ० ते २५५ मधला हा आकडा जोडणीची गुणवत्ता सांगतो, पण तो पोचलेल्या निरोपांवरून काढलेला असतो. वाटेत नष्ट झालेले निरोप त्यात मोजलेच जात नाहीत. शिवाय वेगवेगळे चिपनिर्माते तो वेगवेगळ्या रीतीने काढतात.

संशय पक्का करायचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे गर्दीच्या वेळी आपल्या राउटरचा `2.4 GHz` भाग अर्धा तास बंद ठेवणे. घरच्या लोकांना तेवढा वेळ `5 GHz` वर काढता येतो. या अर्ध्या तासात दिवे आणि सेन्सर नीट वागले तर दोषी आपलाच राउटर. फरक पडला नाही, तर शेजारचा राउटर किंवा यूएसबी यांच्याकडे पाहावे.

यूएसबीची गोष्ट अनेकांना नवी वाटते. यूएसबी ३ मध्ये माहिती सेकंदाला पाच गिगाबिट वेगाने धावते आणि या वेगामुळे केबल, पोर्ट आणि डिस्क यांच्याभोवती जो विद्युत गोंगाट पसरतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासही असतो. इंटेलने २०१२ साली याविषयी सविस्तर टिपण प्रसिद्ध केले होते. हा गोंगाट पट्टाभर पसरलेला असल्याने कोणताही चॅनल घेतला तरी तो सुटत नाही. हब म्हणून वापरला जाणारा झिगबी डोंगल संगणकात थेट खोचलेला आणि शेजारच्या निळ्या पोर्टमध्ये एसएसडी, ही मांडणी म्हणूनच वाईट. एक-दीड मीटरच्या साध्या यूएसबी २ एक्स्टेन्शन केबलने डोंगल लांब नेला की हा दोष जातो. सगळ्या उपायांत हाच सर्वांत स्वस्त आहे आणि चॅनलला हात लावण्याआधी तो करून घ्यावा.

आता एक घर नमुन्यादाखल घेऊ. समजा, पुण्यातल्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरचे दोन बेडरूमचे घर आहे. हॉलमध्ये टीव्हीखाली राउटर आणि त्याला लागूनच रास्पबेरी पाय. त्यात झिगबी डोंगल थेट खोचलेला, बाजूला यूएसबी ३ ची डिस्क. झिगबी२एमक्यूटीटी हे सॉफ्टवेअर वापरात असून त्याचा चॅनल कोणी बदललेला नाही, म्हणजे तो मुळात ठरवून दिलेल्या ११ वर आहे. तक्रार अशी की रात्री बाल्कनीतला दाराचा सेन्सर गायब होतो आणि बेडरूमचे दिवे हुकूम चुकवतात. हबच्या जागेवरून घेतलेल्या नोंदीत घरचा राउटर चॅनल १ वर उणे ३५, रुंदी ४० मेगाहर्ट्झ. भिंतीपलीकडचा शेजारी ६ वर उणे ५८. वरच्या मजल्यावरचा १३ वर उणे ६६. आणि ११ वर एकच क्षीण राउटर उणे ८४.

या घरात तीन दोष एकावर एक आहेत. पहिला यूएसबीचा. एक्स्टेन्शन केबलने डोंगल कपाटाबाहेर, राउटर आणि डिस्क दोन्हींपासून दूर नेल्यावर दिवे बरेच सुधारतात, पण बाल्कनीतला सेन्सर रात्री अजून अडखळतो. दुसरा दोष रुंदीचा. ती राउटरच्या पानावर `20 MHz` अशी पक्की केल्यावर २४०२ ते २४४२ ऐवजी २४०२ ते २४२२ एवढीच जागा अडते. वायफायचा वेग कागदावर थोडा घटतो, पण फोन आणि टीव्ही वरच्या पट्ट्यावर असतील तर तो जाणवत नाही. तरीही झिगबी ११, म्हणजे २४०५, घरच्याच वायफायखाली राहतो. हा तिसरा दोष.

तो दोन बाजूंनी काढता येतो. झिगबी हलवायची तर १५ कागदावर मोकळा आहे, पण तो २४२५ वर, घरच्या मोठ्या आवाजाच्या राउटरच्या कडेला चिकटून आहे. २५ आणि २६ वरच्या मजल्यावरच्या राउटरखाली येतात. २० म्हणजे २४५०. हा ६ च्या वरच्या कडेपासून सुटतो, घरच्या राउटरपासून फार लांब आहे आणि ११ वरचा क्षीण शेजारी त्याला त्रास देणार नाही. निवड २० चीच. पण त्याआधी दुसरी बाजू पाहायला हवी. वायफायचा चॅनल बदलायला एक मिनिट लागते आणि फोन आपोआप नवा चॅनल शोधतात, तर झिगबी हलवणे जास्त कष्टाचे असते. म्हणून या घरात आधी राउटरच १ वरून ६ वर न्यावा. शेजाऱ्याच्याच चॅनलवर जाणे उलटे वाटते. पण एकाच चॅनलवरचे दोन राउटर एकमेकांना नीट ऐकतात आणि आळीपाळीने बोलतात. ३ किंवा ९ अशा मधल्या चॅनलवर बसलेला राउटर शेजाऱ्यांच्या बोलण्यावर अर्धवट चढून दोघांनाही बिघडवतो. घरचा वायफाय ६ वर गेला की २४२७ च्या खाली सगळे मोकळे होते आणि झिगबी ११ जागच्या जागी सुटा होतो. एकही उपकरण पुन्हा जोडावे लागत नाही.

या उत्तराचे आयुष्य मात्र अनिश्चित आहे. झिगबीचे जाळे एकदा ठरलेला चॅनल सहसा आपणहून सोडत नाही, आणि शेजाऱ्यांचे राउटर बहुधा `Auto` वर असतात. इमारतीची वीज जाऊन आली की ते सगळे नव्याने सुरू होतात आणि नव्याने जागा निवडतात. चॅनल १ रिकामा दिसला तर कोणीतरी तिथे येणारच. घरचा राउटर `Auto` वर न ठेवता ६ वर पक्का करावा. शेजारी १ वर मोठ्या आवाजाने येऊन बसला आणि लक्षणे परतली, तर मग झिगबी २० वर न्यावी. घरात जाळे पहिल्यांदाच उभारायचे असेल, तर अशा परिस्थितीत सुरुवातच २० ने करणे शहाणपणाचे.

झिगबी२एमक्यूटीटीमध्ये चॅनल `configuration.yaml` या फाइलमध्ये ठरतो:

```yaml
advanced:
  channel: 20
```

चॅनल बदलला की हब जाळ्यातल्या उपकरणांना तसे कळवतो. विजेवरची बहुतेक उपकरणे त्याच्या मागोमाग जातात. सेलवरचे सेन्सर त्या वेळी झोपलेले असतात. जागे झाल्यावर जुन्या जागी कोणी नाही हे कळून काही जण स्वतः शोध घेतात, काही घेत नाहीत आणि ते पुन्हा जोडावे लागतात. म्हणून हे काम सुटीच्या सकाळी, सगळे दिवे भिंतीवरच्या बटणांवर चालू ठेवून करावे आणि अर्धा-एक दिवस वाट पाहूनच हरवलेल्या सेन्सरांना हात लावावा. तयार हबांमध्ये एवढे स्वातंत्र्य नसते. फिलिप्स ह्यू ब्रिज ११, १५, २० आणि २५ या चारांतूनच निवड करतो, आणि ती त्याच्या अ‍ॅपमधून बदलता येते. ज्या स्मार्ट स्पीकरमध्ये झिगबीचा हब आतच असतो, त्यांत बहुधा चॅनल निवडण्याची सोयच नसते. तिथे वायफाय हलवणे आणि स्पीकर राउटरपासून दूर ठेवणे एवढेच हाती राहते.

पट्ट्यातल्या इतरांचा त्रास तुलनेने थोडा. ब्लूटूथ सतत जागा बदलत बोलते आणि गर्दीच्या जागा टाळते. थ्रेडचा पायाही ८०२.१५.४ हाच असल्याने थ्रेड आणि झिगबी यांची चपळाई सारखी असते. ते एकमेकांना ऐकून थांबतात, आणि दोघांचे बोलणे तुटपुंजे असल्याने एका चॅनलवर आले तरी सहसा निभते. मायक्रोवेव्ह ओव्हन २४५० च्या आसपास गोंगाट करतो, म्हणजे वरच्या घरात निवडलेल्या झिगबी २० च्या जवळच. पण तो चालतो थोडी मिनिटे, आणि जुन्या पद्धतीच्या ट्रान्सफॉर्मरवाल्या ओव्हनमध्ये गोंगाट ५० हर्ट्झच्या विजेच्या प्रत्येक आवर्तनात निम्मा वेळच असतो. उरलेल्या दहा मिलिसेकंदांच्या शांततेत झिगबीचा चार मिलिसेकंदांचा निरोप बसतो. ओव्हनच्या शेजारी हब ठेवू नये, एवढी काळजी पुरे.

काही इमारतींत पट्टा इतका भरलेला असतो की संध्याकाळी एकही चॅनल शांत सापडत नाही. तिथे विजेवर चालणारे दोन-तीन झिगबी प्लग मधल्या खोल्यांत वाढवून प्रत्येक टप्पा आखूड करावा, म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानी आपला आवाज शेजाऱ्यापेक्षा मोठा पडतो. तेही पुरले नाही तर हा पट्टाच सोडणारी झेड-वेव्ह ही पद्धत आहे. ती एक गिगाहर्ट्झच्या खाली चालते, तिथे घरचा वायफाय नसतो आणि त्या लहरी भिंतींतूनही जास्त पार जातात. तिची वारंवारता मात्र देशागणिक बदलते. भारतात ती ८६५.२ मेगाहर्ट्झ आहे आणि अमेरिकेत ९०८.४२, त्यामुळे तिकडून आणलेले झेड-वेव्ह उपकरण इथल्या हबशी जुळत नाही. तिकडचा हब आणि तिकडचीच उपकरणे मिळून इथे चालवणेही योग्य नाही, कारण भारतात ९०८ मेगाहर्ट्झची जागा मोबाइल सेवेच्या ८९० ते ९१५ या पट्ट्यात येते आणि ती विनापरवाना वापरासाठी खुली नाही. झेड-वेव्हची उपकरणे घेताना खोक्यावर ८६५ चा आकडा पाहूनच घ्यावीत.